चार वर्षांच्या मुलासाठी भावनांची चेहरा-कार्डं: कोणती घ्यावी?

ओवीची_आई: मुलगा सव्वाचार वर्षांचा. चिडला की हातातलं फेकतो, काय झालं विचारलं की "काही नाही." चोवीस चेहऱ्यांचा संच आणला, पण त्याला सगळे एकतर 'हसरे' नाहीतर 'रडके' वाटतात. दुसरा संच सुचवा, आणि खेळ काय घ्यायचे तेही सांगा.

समीर_ठाणे: आमच्याकडे कार्डं फ्रिजवर लावलीत. लेक रडायला लागली की लगेच समोर धरतो, बोट दाखव म्हणतो. रोज केलं की सवय लागते.

बालवाडीताई: समीर, कार्डं हाताशी ठेवताय ते चांगलं, पण वेळ चुकतेय. रडण्याच्या भरात मूल कार्ड बघत नाही. त्या वेळी "राग आलाय तुला" एवढंच म्हणून जवळ बसायचं. कार्डं पोट भरलेलं असताना, खेळताना काढायची.

ओवीची आई, नवा संच नको. चोवीसातली चारच ठेवा: आनंद, दुःख, राग, भीती. या वयाला भीती आणि आश्चर्य यांत गल्लत होतेच, दोन्हींत डोळे मोठे असतात. त्याहून बरं, आरशासमोर त्यालाच चेहरे करायला लावा, फोटो काढून छापा. स्वतःचा चेहरा मुलं जास्त वेळ बघतात.

मग बाहुलीची गोष्ट. "बाहुलीनं ठोकळ्यांचा मनोरा रचला, दादाचा पाय लागून पडला. आता तिचं तोंड कसं झालं?" तो राग उचलेल किंवा दुःख. दोन्ही बरोबर. "नाही, नीट बघ" म्हणालात की तो तुम्हाला हवं ते कार्ड उचलायला शिकतो. त्याऐवजी विचारा, "मग बाहुलीनं काय केलं?" फेकाफेकीची गोष्ट बहुधा इथेच बाहेर येते.

नीलांबरी: आमचा साडेतीन वर्षांचा अजून दोन शब्दांपुढे बोलत नाही. ही कार्डं दाखवली तर बोलेल का?

बालवाडीताई: तुमचा प्रश्न वेगळा आहे. कार्डांवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानाची तपासणीही करून घ्या.

ओवीची_आई: काल मनोरा पाडला. त्यानं रागाचं कार्ड उचललं आणि म्हणाला, "बाहुलीनं दादाला ठोकळा मारला." मी गप्प राहिले. थोड्या वेळानं म्हणाला, "तिचे हात गरम झाले." पाचवं कार्ड कधी काढू?

बालवाडीताई: हात गरम झाले! तेच धरून चला, पुढच्या वेळी "हात गरम झालेत का?" विचारा. चारही नावं तो खेळात आपणहून घ्यायला लागला की रुसलेला चेहरा काढा. आधी बाहुलीबद्दल बोलेल, मग दादाबद्दल, स्वतःबद्दल सगळ्यात शेवटी.

समीर_ठाणे: पण आमची प्रत्येक गोष्टीला राग हेच कार्ड उचलते. खरंच राग असतो की ते लाल आहे म्हणून आवडतं?

बालवाडीताई: चारही चेहरे एकाच रंगाच्या कागदावर काढून बघा. तरीही तेच उचललं तर इथे लिहा.