पुन्हा धडाम: सोसायटीचा ग्रुप, शनिवार ते मंगळवार

शनिवार

रात्री ११:४७ | जोशी, बी २०४
काल ११:४०, आज ११:४२. वरून पुन्हा तोच धडाम. मी कोणाचं नाव घेत नाही. ज्यांचं आहे त्यांना माहीत आहे.

११:४९ | अहिरे, बी ४०१
काका, २०४ च्या डोक्यावर एकच फ्लॅट आहे 😄

११:५५ | पाटील, बी ३०४
जोशी काका, घ्या की नाव. आमच्या कपाटाचं सरकतं दार आहे, रेलवरून उतरतं. ह्यांची सेकंड शिफ्ट असते, साडेअकराला घरी येतात, घरचे कपडे घेऊन दार लावायला गेले की धाडकन. आम्ही काही हौसेनं पाडत नाही. आणि ते दार पायावर आलं तर काय, ही काळजी मला आहे, तुम्हाला फक्त आवाज आहे.

११:५८ | पगार, ए १०१
रेलमध्ये तेल सोडा. शिवणयंत्राचं. एका मिनिटाचं काम.

रविवार

सकाळी ७:०५ | शिंदे, सचिव
शुभ सकाळ. सर्व सभासदांना नम्र विनंती, मेंटेनन्स १० तारखेपर्यंत भरावा. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

७:२० | अहिरे, बी ४०१
शिंदे साहेब, लिफ्टचं काम सोसायटीचंच ना? तीन आठवडे झाले.

७:४१ | गायधनी, ए ५०२
पाटील वहिनी, दार खालच्या चाकांवर चालतं की वरून टांगलेलं आहे? आणि उतरतं ते दरवेळी एकाच जागी का?

७:५० | पाटील, बी ३०४
खालच्या चाकांवर, काका. समोरचं, आरशाचं दार. डावीकडे सरकवून बंद करताना शेवटच्या चार बोटांत उतरतं. मध्ये कधी नाही.

७:५२ | पगार, ए १०१
तेल.

७:५८ | गायधनी, ए ५०२
पगार, तेल मुळीच नको. तेलाला धूळ चिकटली की तिची पेस्ट होते. अंबडला टूलरूममध्ये असताना लोखंड घासून गुळगुळीत करायला आम्ही तेलात भुकटी कालवूनच घ्यायचो. तीच पेस्ट आपल्या हातानं नायलॉनच्या चाकाखाली कशाला घालायची?
वहिनी, टोकालाच उतरतं म्हणजे आधी रेल बघा. चाक कचरा पुढे ढकलत नेतं आणि टोकाला त्याचा ढीग होतो. व्हॅक्यूम असेल तर त्याचं बारीक तोंड लावा. नसेल तर जुना दात घासायचा ब्रश घ्या, कोपऱ्यात बांबूची काडी फिरवा. मग ओलसर फडक्यानं पुसून लगेच कोरडं करा. पाणी ओतू नका, खालची फळी पार्टिकल बोर्डाची असेल तर फुगेल.

९:३६ | पाटील, बी ३०४
काढलं. मूठभर निघालं हो. केस, टिकल्या, तांदूळ, मोत्याचा एक मणी, आणि टोकाला धुळीचा दगडासारखा गोळा. सिंहस्थाच्या नावानं रस्ते खणलेत, ते सगळं आमच्या बेडरूममध्ये येतंय.

९:३८ | अहिरे, बी ४०१
मणी शोधत होतीस ना दिवाळीपासून 😂

९:४० | जोशी, बी २०४
म्हणजे दिवाळीपासून रेल साफ झालेली नाही. नोंद घ्यावी.

९:४१ | पाटील, बी ३०४
काका, तुमची स्कूटर चार महिने माझ्या जागेत उभी असते. त्याची पण घ्या नोंद.

९:४३ | शिंदे, सचिव
पार्किंगचा विषय जनरल बॉडीत घेऊ. कृपया.

९:५० | गायधनी, ए ५०२
आता पुढचं. दार अगदी हळू डाव्या बाजूच्या फळीपर्यंत आणा आणि थांबा. दाराची कड आणि फळी यांत वर किती फट आहे, खाली किती आहे? मोजपट्टीनं बघा, डोळ्यावर जाऊ नका.

१०:०४ | पाटील, बी ३०४
आदित्यनं मोजलं. खाली टेकलंय. वर ८ मिलिमीटर.

१०:१२ | गायधनी, ए ५०२
मग दार उजवीकडे कललंय. बंद होताना खालचा कोपरा एकटाच फळीवर आपटतो आणि त्याच कोपऱ्यातलं चाक उसळतं. त्यात तिथं तो गोळा होताच.
दार साधारण २१० सेंटीमीटर उंच आणि दोन चाकांत ८० सेंटीमीटर अंतर धरू. वर ८ मिलिमीटर कलायला उजवी बाजू जवळपास ३ मिलिमीटर खाली बसलेली असते. दाराच्या उजव्या कडेला तळाशी एक स्क्रू दिसेल, त्यानं चाक वरखाली होतं. बहुतेक दारांत तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला की दार उचललं जातं. अर्धा फेरा द्या, फट मोजा, परत अर्धा. आदित्यला सांगा, फिरवताना दाराला हातानं थोडा उचलून आधार दे, नाहीतर सगळं वजन त्या स्क्रूच्या आट्यांवर येतं.

१०:१५ | पगार, ए १०१
एवढं गणित करण्यापेक्षा दोन थेंब.

११:०२ | पाटील, बी ३०४
काका!! फट वरखाली सारखी. हलकं पळतंय. खूप आभार 🙏

११:०३ | जोशी, बी २०४
रात्री कळेल.

संध्याकाळी ६:२० | पाटील, बी ३०४
काका, फट पुन्हा. वर ६ मिलिमीटर. दुपारभर चार-पाच वेळा उघडलं असेल फक्त.

६:२१ | पगार, ए १०१
मी काय म्हणालो होतो.

६:३५ | गायधनी, ए ५०२
माझंही चुकलंच. तीन मिलिमीटर दार आपोआप का बसलं, हे आधी विचारायला हवं होतं. स्क्रू जागेवर राहून फट परत येत असेल तर चाकाचं कवच, म्हणजे ब्रॅकेट, दारातून ढिलं झालंय. एक सांगा, आरसा कपाटाबरोबरच आला होता का?

६:४० | पाटील, बी ३०४
नाही, गेल्या वर्षी सुतारानं वरून चिकटवला. पूर्ण दाराभर.

६:५२ | गायधनी, ए ५०२
तेच. ४ मिलिमीटर जाडीचा आरसा चौरस मीटरला १० किलो भरतो. तुमचं दार दोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे २० किलो जास्तीचे. मूळ दार १८ मिलिमीटर पार्टिकल बोर्डाचं तेवीस-चोवीस किलो असेल. चाकं त्याच्या हिशेबानं बसवलेली आणि आता त्यांच्यावर जवळपास दुप्पट भार. पार्टिकल बोर्डात स्क्रूची पकड मुळात बेताची, ती भुसभुशीत झाली की ब्रॅकेट वर सरकतं आणि दार खाली बसतं. दार काढावं लागेल. एकटीनं नाही. दोघं तगडे हवेत.

६:५५ | अहिरे, बी ४०१
जोशी काकांना बोलवा, फायदा त्यांचाच आहे 😜

६:५६ | जोशी, बी २०४
माझी कंबर. सगळ्यांना माहीत आहे.

६:५८ | अहिरे, बी ४०१
आमचे हे येतात. वहिनी, चहा टाका.

७:१० | गायधनी, ए ५०२
मागचं दार एका बाजूला लावून घ्या. जमिनीवर जुनी गोधडी पसरा. खालच्या चाकाजवळ प्लॅस्टिकची छोटी कळ असते, तिचा आकडा रेलच्या काठाखाली अडकतो, चाकाला उसळू देत नाही. दोन्ही कळा आधी उचला. मग दार सरळ वर, वरच्या खाचेत शिरेल एवढं उचला. चाकं रेलच्या वर आली की तळ स्वतःकडे ओढा. आरशाला हात लावून ओढू नका, फळीच्या कडा धरा.

७:४८ | पाटील, बी ३०४
उतरवलं. काका, उजव्या चाकाच्या ब्रॅकेटचा एक स्क्रू बोटानं फिरतोय, दुसऱ्याच्या भोकातून भुसा पडतोय. आणि एक गंमत. डाव्या चाकाची ती कळ आधीपासूनच वर उचललेली होती.

७:५५ | गायधनी, ए ५०२
म्हणजे आरसा लावायला सुतारानं दार काढलं आणि परत बसवताना ती कळ खाली करायला विसरला. दार उजवीकडे बसलंय, पण उसळत होतं डावं चाक, कारण त्याला धरायला काही नव्हतंच.
चाकं फिरवून बघा. एखाद्या जागी अडखळतात का, कडेला सपाट घासलीत का? सपाट झालेलं चाक टक-टक आवाज करतं, ते साफ करून सुधारत नाही, बदलावंच लागतं.

८:०२ | पाटील, बी ३०४
गोल आहेत. डाव्याच्या दांड्याला केसांची वेणी गुंडाळलेली, ब्लेडनं कापून काढली.

८:०९ | गायधनी, ए ५०२
छान. भोकांतला भुसा झटका. गुल उडवलेल्या काडेपेटीच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून गच्च ठोका, कडेला कापा, रात्रभर सुकू द्या. उद्या मधोमध बारीक भोक पाडून तेच स्क्रू हातानं आवळा, ड्रिलनं नको, पकड पुन्हा मोडेल. लांब स्क्रू घालायचा मोह होईल, पण १८ मिलिमीटरच्या फळीतून तो पलीकडे आरशाला टेकला तर आरसा तडकेल. आणि हा इलाज काही महिन्यांचा समजा. जास्त वजनाची चाकं मेन रोडला हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. जुनं चाक काढून सोबत न्या, रेलची खाच आणि ब्रॅकेटची भोकं जुळली पाहिजेत.

८:११ | जोशी, बी २०४
म्हणजे आज रात्री दार नाही?

८:१२ | पाटील, बी ३०४
नाही. शांत झोपा.

८:३० | शिंदे, सचिव
मेंटेनन्स १० तारखेपर्यंत. लिफ्टचा माणूस उद्या येतो म्हणालाय.

८:३१ | अहिरे, बी ४०१
उद्या म्हणजे कोणत्या महिन्यातला?

सोमवार

संध्याकाळी ७:१५ | पाटील, बी ३०४
बसवलं. वरची कड आधी खाचेत, मग चाकं रेलवर, दोन्ही कळा खाली, दोनदा तपासल्या. वर १ मिलिमीटर राहिली होती, पाव फेऱ्यात गेली. ह्यांनी मुद्दाम दणकून बंद केलं, तरी उतरलं नाही.

७:२० | गायधनी, ए ५०२
दणकून बंद करू नका 🙏 आठवड्यानं परत फट मोजा. वाढली तर काड्यांवर विसंबू नका, चाकं बदला.

७:२२ | पगार, ए १०१
आता तरी तेल टाका, वरच्या खाचेत.

७:२६ | गायधनी, ए ५०२
वरच्या खाचेत सिलिकॉनचा सुका स्प्रे कापडावर घेऊन पुसला तर चालेल. तेल नाही, पगार.

मंगळवार

सकाळी ६:५८ | जोशी, बी २०४
रात्री आवाज आला नाही. ११:५० ला खुर्ची सरकवल्याचा आला.