इंग्रजीतला ट-ड जड लागतो: जीभ बदलायची की नाही?

नवीपेठ: मुलाखतीच्या सरावात माझं 'टेन' समोरच्या बाईंना 'डेन' ऐकू आलं. ट-ड फार जड आहेत म्हणाल्या. बदलावं का? आणि जीभ नेमकी कुठं न्यायची?

कडकभाकरी: सोपंय ओ. ट ऐवजी त, ड ऐवजी द म्हणायचं. जड लागणारच नाही.

ध्वनिवेडी: नाही हो. त-द ला जीभ दातांना टेकते, आणि इंग्रजी 'देन' आपण आधीच द नं म्हणतो. मग 'डेन' आणि 'देन' एकच होऊन बसतील.

आपल्या ट-ड ला टोक मागं वळून टाळूला लागतं. इंग्रजांची जागा दोन्हींच्या मधे, वरच्या दातांमागं हिरडीचा उंचवटा लागतो तिथं. 'नळ' म्हणून बघा. न ला टोक तिथंच टेकतं, ळ ला मागं पळतं.

सरावाला 'संडे' घ्या. आपला ड आधीच्या न लाही मागं ओढतो आणि 'सण्डे' होतं. 'सन्' वर टोक क्षणभर दाबून धरा आणि न हलवता तिथूनच 'डे' सोडा. हलका ड तो हाच.

'टेन'चं 'डेन' झालं त्याचं कारण मात्र मुख्यतः वेगळं. शब्दाच्या सुरुवातीच्या ट बरोबर इंग्रजीत हवेचा झोत सुटतो. आपल्या ट ला तो नसतो, म्हणून त्यांच्या कानाला ड वाटतो. ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा. 'टेन'ला ती उडायला हवी, 'डेन'ला जेमतेम हलावी. 'स्टॉप'मधे स नंतर झोत नको.

कडकभाकरी: मग 'ठेन' म्हणा की!

ध्वनिवेडी: झोत मिळेल, पण जीभ परत मागंच. 'डेन' ऐकू येणं थांबेल, जडपणा राहील.

आजोबा_जुळेसोलापूर: आमचा नातू तीन वर्षांचा. 'डबा'ला 'दबा' म्हणतो. त्यालाही पट्टी धरावी का?

ध्वनिवेडी: आजोबा, तो प्रश्न निराळा. या वयात ट-ड पुढं सरकणं नेहमीचंच आहे. पट्टी नको.

पूर्वभागकर: मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, अक्कलकोटकडचे मित्र कन्नड बोलतात. सगळीकडं ट-ड मागचेच. दिल्ली-चेन्नईच्या माणसाला माझं इंग्रजी नीट कळतं. 'जड' कुणाच्या कानाला?

ध्वनिवेडी: इथल्या माणसांशी बोलायचं असेल तर अर्धं मान्य. मीही जागेचा हट्ट धरणार नाही. पण परदेशी गिऱ्हाइकाला फोनवर आकडा सांगताना 'टेन'-'डेन' झालं तर खरंच अडतं. त्यामुळं झोत आधी, जीभ नंतर.

पूर्वभागकर: आकडा पुन्हा सांगायचा. त्यात काय एवढं?

नवीपेठ: 'टेन'ला पट्टी उडाली. 'संडे'पण जमतंय. पण 'वर्ल्ड' म्हणताना ल वर टोक पुढं असतं आणि ड ला लगेच मागं पळतं. तिथंही न सारखंच दाबून धरायचं का?