मदत हवी आहे: लेगिंग्जच्या गुडघ्यावर फुगे, दोष इस्त्रीचा का?

मृणा_नाशिक: लेगिंग्जवर लेबल ९५% कॉटन, ५% इलास्टेन. गुडघ्याशी फुगे आलेत. इस्त्री 'कॉटन'वरच ठेवते. ९८/२ ची जीन्स ड्रायरमध्ये वाळवते, तीही दुपारपर्यंत ढगळ होते. परत घट्ट होतील का?

सुईदोरा: कमरेचं इलॅस्टिक बदला. नेफ्याची शिवण दोन इंच उसवा, सेफ्टी पिनेने नवी पट्टी ओवा. वीस मिनिटांचं काम.

मृणा_नाशिक: कंबर ठीक आहे हो, गुडघे गेलेत.

बंड्या७७: कडकडीत पाण्यात भिजवा, आटतील.

कापूसकोंड्या: बंड्या, आटतो तो कापूस. म्हणून धुतल्यावर घट्ट वाटतं आणि चार उठाबशांत पुन्हा ढिलं. मागे खेचायचं काम इलास्टेनचं, आणि त्याला उष्णता सोसत नाही.

मृणाताई, गिरणीत हे कापड ताणून धरतात आणि साधारण १८०-१९० अंशांवर मिनिटभराच्या आत तापवून काढतात. त्याने रुंदी कायमची बसते. 'कॉटन'ची इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते. गुडघा हाताने ताणून ती फिरवली की घरीच तेच घडतं, फक्त चुकीच्या मापाला. लेबलवर कॉटन कितीही असो, इस्त्री एका टिंबावर, म्हणजे ११० अंशांपर्यंत, कापड उलटं करून आणि न ताणता.

धागा मेलाय का ते असं बघा. गुडघ्यावर, जीन्सला आडव्या दिशेने, १० सेंमीवर दोन खुणा करा. १२ पर्यंत ताणून अर्धा मिनिट धरा, सोडा, तासाभराने मोजा. मग थंड पाण्यात धुऊन सपाट वाळवा आणि परत मोजा.

मृणा_नाशिक: लेगिंग्ज: तासाने १०.९, धुतल्यावर १०.८. जीन्स: १०.६, मग १०.१.

कापूसकोंड्या: लेगिंग्ज गेल्या, त्यांना उपाय नाही. जीन्समध्ये जीव आहे. तिथे इलास्टेन बहुधा फक्त बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत असतं, वर कापसाचं वेष्टण, त्यामुळे थोडं संरक्षण मिळतं. ड्रायर मात्र बंद करा. नाहीतर मधला धागा आत तुटतो आणि मांडीवर बारीक पांढरी टोकं बाहेर येतात. ती ओढू नका, कात्रीने कापा. ओढलं तर शेजारचाही धागा सरकतो.

बंड्या७७: मग उन्हात वाळवू?

कापूसकोंड्या: सावलीत. ओल्या लेगिंग्ज कमरेला चिमटे लावून लोंबवल्या तर पाण्याच्या वजनाने लांबतात, मधोमध दोरीवर टाका.

सुईदोरा: आमच्याकडे वर्षानुवर्षं उन्हातच वाळतात, काही होत नाही.

कापूसकोंड्या: कापड कोणतं, इलास्टेन किती टक्के?

सुईदोरा: लेबल कापून टाकलंय.