अनुभव धागा: चाळीस मुलांच्या वर्गात मिश्र गट आणि आळीपाळीने भूमिका

पाचवी ते आठवीच्या चाळीसच्या वर्गात गट कसे पाडता, आणि गटातली कामं फिरती कशी ठेवता? करून पाहिलेलंच लिहा. कुठे फसतं तेही येऊ द्या.

पाटीवाला
चार-चारचे दहा गट. पाचचे आठ गट कागदावर छान दिसतात, पण दोन मुलांचा बाक असेल तर पाचवा कडेला लटकतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. चारचा गट असेल तर पुढच्या बाकावरची दोघं फक्त मागे वळतात. बाक सरकवावे लागत नाहीत, तास वाचतो.

मागच्या चाचणीच्या गुणांवरून १ ते ४० यादी करायची, तिचे दहा-दहाचे चार भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातून एकेक उचलायचा. पहिल्या गटात १, ११, २१, ३१. दहाव्यात १०, २०, ३०, ४०. झालं!

गणितवाल्या बाई
पाटीवाले, चारचं पटलं, यादीचं नाही. तुमच्या पहिल्या गटात प्रत्येक भागातला सर्वात वरचा आणि दहाव्यात प्रत्येक भागातला सर्वात खालचा. क्रमांकांची बेरीज करा, पहिल्याची ६४ आणि दहाव्याची १००. दहावा गट रोज शेवटी संपवतो, आणि आपण म्हणतो की ती मुलं आळशी आहेत.

यादी नागमोडी भरायची. पहिला भाग सरळ (१ ते १०), दुसरा उलटा (२० ते ११), तिसरा सरळ (२१ ते ३०), चौथा उलटा (४० ते ३१). पहिला गट १, २०, २१, ४०. दहावा १०, ११, ३०, ३१. कुठल्याही गटाची बेरीज ८२.

मग मुलगे-मुली बघायचे. २२ मुलगे आणि १८ मुली असतील तर दोन मुली, दोन मुलगे असे नऊ गट होतात आणि उरलेल्या चार मुलग्यांचा दहावा. प्रत्येक गटात एखादी तरी मुलगी हवी म्हणून तीन मुलग्यांत एकटीला बसवू नका. बहुतेक वेळा ती गप्प होते, नाहीतर सगळं लिखाण तिच्याच गळ्यात पडतं. अदलाबदल करताना त्याच दहाच्या भागातला शेजारचा क्रमांक घ्या (२३ च्या जागी २४), म्हणजे समतोल फारसा ढळत नाही.

यादी मुलांना दिसता कामा नये. गटातले आसन क्रमांक गुणांच्या क्रमाने दिलेत तर दुसऱ्याच दिवशी '१ म्हणजे हुशार' हे सगळ्यांना कळतं. ते क्रमांक चिठ्ठ्या टाकून द्या.

नदीकाठची शाळा
आमच्याकडेही चाळीसच, पण पहिली ते चौथी एकत्र! चौथीतला एक, तिसरीतला एक, असंच बसवतो. चाचणीची यादी इथे काय कामाची?

गणितवाल्या बाई
तुमचा प्रश्न वेगळा आहे हो. तिथे इयत्ताच मिश्रण करून देते.

सावळा फळा
भूमिका चार: गटप्रमुख, लेखनिक, वेळ बघणारा, सांगणारा. दर तासाला एकेक घर पुढे सरकवलं की चार तासांत फेरी पूर्ण, असं वाटतं. पण लेखनिकाच्या दिवशी नेमका गैरहजर राहणारा कायमचा सुटतो. त्यावर उपाय म्हणजे गटाच्या वहीत चार ओळी, चार रकाने, सोळा चौकटी. काम केलं की खूण. पुढच्या तासाला कोरी चौकट बघून काम द्यायचं, चक्र मोजत बसायचं नाही. तिघंच हजर असतील तर वेळ बघणारा गाळा आणि घड्याळ फळ्यावर तुम्ही चालवा. दोघंच उरले तर ते शेजारच्या गटात.

पाटीवाला
सोळा चौकटी ठीक. पण गटप्रमुख हुशारच कायम ठेवा. नाहीतर दहा मिनिटांचं काम वीस मिनिटं चालतं.

सावळा फळा
पहिल्या फेरीत चालतंच, कारण भूमिका म्हणजे नेमकं काय बोलायचं हे मुलांना माहीत नसतं. गटप्रमुखाच्या कार्डावर दोनच वाक्यं लिहा: 'तुला काय वाटतं?' आणि 'हे कशावरून?' एका गटाला सगळ्यांसमोर पाच मिनिटं करायला लावा, बाकीच्यांनी बघायचं. कायमचा गटप्रमुख ठेवलात तर काम लवकर होतं, पण ते त्याचं एकट्याचं. ओळखायचं कसं? तिसऱ्या आसनावरच्या मुलाला उत्तर विचारा. त्याने प्रमुखाकडे पाहिलं की समजा.

मराठीच्या मॅडम
लेखनिकाचं काय? ज्याला जोडाक्षरं अजून जमत नाहीत त्याची पाळी आली की बाकीचे वही ओढून घेतात. मी त्या दिवशी लेखनिकाला फक्त तीन शब्द किंवा आकृतीची नावं लिहायला देते. बाकीचे ते शब्द पाटीवर लिहून दाखवतात आणि तो उतरवतो. पेन त्याच्याच हातात.

आणि गणिताच्या यादीवरून पाडलेले गट भाषेच्या तासाला वापरू नका. गणितातला १ क्रमांक वाचनात ३० वा असू शकतो.

गणितवाल्या बाई
बरोबर. पण विषयागणिक गट बदलले तर मुलांची बसायची जागाच ठरत नाही. मी सहा आठवडे एकच गट ठेवते आणि दोन्ही विषयांच्या गुणांची बेरीज धरते. तरी एक गोष्ट सुटलेली नाही. माझ्या पहिल्या गटात १ आणि ४० शेजारी येतात, आणि १ नंबर समजावत नाही, सरळ उत्तर सांगून मोकळा होतो. त्या दोघांना कोपऱ्यात समोरासमोर न बसवता तिरकं बसवलं, मध्ये २० ला घेतलं, तर थोडा फरक पडतो. दुसरं कोणी काही केलंय?