ईसीजीवरचे ते दोन शब्द

> 'सायनस ऱ्हिदम, नॉनस्पेसिफिक एसटी चेंजेस' असं आईच्या ईसीजीवर छापून आलंय. डॉक्टर परवा बघणार आहेत. ब्लॉकेज असेल का?

पहिला शब्द चांगला आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो आणि ठोका तिथूनच सुरू व्हायला हवा. तसा तो होतोय, एवढाच त्याचा अर्थ.

एसटी म्हणजे ठोक्याची मोठी उभी रेघ संपल्यावरचा जवळजवळ सपाट तुकडा. हार्ट अटॅकमध्ये तो सहसा हृदयाच्या एकाच भागाच्या, शेजारशेजारच्या लीडमध्ये, म्हणजे त्या भागाकडे बघणाऱ्या ईसीजीच्या रेघांमध्ये, ठळकपणे वर किंवा खाली जातो. 'नॉनस्पेसिफिक' म्हणजे बदल किरकोळ आहे आणि त्यावरून एकच कारण सांगता येत नाही. पोटॅशियम कमी असणं, बीपीमुळे जाड झालेली हृदयाची भिंत, काही औषधं, कधी नुसती इलेक्ट्रोडची जागा चुकणं, यांपैकी काहीही असू शकतं. ब्लॉकेज यावरून ठरत नाही, आणि नाकारताही येत नाही. शिवाय ही ओळ बहुधा मशीननेच छापलेली असते, आणि मशीन जरा जास्तच घाबरट असतं.

जुना ईसीजी असेल तर नक्की न्या. समजा, दोन वर्षांपूर्वीच्या कागदावरही हाच बदल असेल, तर डॉक्टरांची काळजी बरीच कमी होते. तो नवा असेल तर ते पोटॅशियमची तपासणी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किंवा पुन्हा ईसीजी सांगतील. आईंच्या गोळ्यांची यादीही द्या, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी असेल तर, कारण तिच्यामुळे पोटॅशियम उतरू शकतं.

मात्र छातीत दाब, दम, घाम, चक्कर, जबडा किंवा हातात कळ असं काही झालं, तर परवाची वाट न बघता लगेच इमर्जन्सीत न्या.