मदत हवी आहे: तळाला पट्टी नसली की सरळ पोहता येत नाही, आणि डिसेंबरात समुद्रात १ किमी उतरायचंय

विहिरीतला_बेडूक (परभणी)

नमस्कार मंडळी. वय ३९. पोहायला शिकलो मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. आता गावातल्या तलावात दीड किलोमीटर न थांबता पोहतो, साधारण ४५ मिनिटं लागतात. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात समुद्री जलतरण स्पर्धा असते, तिथे १ किमीला नाव द्यायचा विचार आहे.

अडचण अशी की तलावात तळाला काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवून मी सरळ जातो. मध्यंतरी मित्राच्या शेतात मोठ्या पाझर तलावात पोहून पाहिलं. घड्याळात नंतर रेघ बघितली तर सारखी डावीकडे वळलेली. मान वर काढून बघितलं की पाय खाली जातात आणि दम लागतो. समुद्रात तर लाटा आणि प्रवाह. तिकडे दिशा कशी धरायची? थंडीचं काय? आणि होड्यांचं? आमच्याकडे विचारायला कोणी नाही, समुद्र म्हटलं की लोक हसायलेत.

नांदेडी_भाऊ

भौ, लई टेन्शन नको घेऊ. दर हाताला डोकं वर काढून बघायचं, वॉटरपोलोवाले पोहतात तसं. थंडीसाठी अंगाला व्हॅसलीन चोपडायचं, ऊब राहते. आणि सराव शेततळ्यात कर. आमच्याकडं चांगलं मोठं हाय, गर्दी बी नाही.

खारं_पाणी (मूळचा लातूर, सध्या मुंबई)

आधी शेततळ्याचं बोलतो, कारण जीव तिथेच जातो. अस्तराचा प्लास्टिक कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतारावरून वर येता येत नाही. काठावर पक्का बांधलेला, पाण्यापर्यंत सोडलेला दोर आणि वर उभा माणूस नसेल तर उतरू नका.

व्हॅसलीनने ऊब राहत नाही. काखेत आणि मानेला खाऱ्या पाण्याने घासून चामडी सोलवटते, ती वाचते. तेवढ्यासाठी जरूर लावा. हाताला मात्र लागू देऊ नका, गॉगल धुरकट होतो.

आता दिशा. दर हाताला डोकं काढलं तर १ किमीत मान जाईल. सहा-आठ हातांनी एकदा बघा, आणि फक्त डोळे पाण्याबाहेर काढा, तोंड नाही. श्वास त्याच वेळी समोरून घ्यायला गेलात की डोकं उचलावं लागतं आणि पाय बसतात, तुमचं तेच होतंय. समोर नजर टाकायची आणि त्याच ओघात मान बाजूला वळवून नेहमीसारखा श्वास घ्यायचा. लाटेच्या खळग्यात असाल तर समोर फक्त पाणी दिसेल. तेव्हा मान ताणून शोधत बसू नका, सोडून द्या, दोन हातांनी पुन्हा बघा.

डावीकडे का वळता ते तलावातच कळेल. लेन रिकामी असताना, काठावर कोणाला तरी उभं करून, डोळे मिटून बारा-पंधरा हात मारा. बहुतेक उजवीकडे श्वास घेताना डावा हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जात असेल किंवा एक हात कमी जोर लावत असेल. काठावरच्या माणसाला तेवढंच बघायला सांगा.

लातूरची_आई

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, उन्हाळी शिबिरात शिकला. त्याला समुद्रातल्या स्पर्धेला पाठवावं का? त्याच्या कानात सारखं पाणी जातं. खाऱ्या पाण्याने कान बरा होतो म्हणतात, खरं का?

खारं_पाणी

ताई, कानाचं डॉक्टरांना दाखवा, खाऱ्या पाण्यावर सोडू नका. मुलाचं वेगळा धागा काढून विचारा, इथे हरवून जाईल.

विहिरीतला_बेडूक

डोळे मिटून पोहून पाहिलं. दहाव्या हाताला डावीकडच्या दोरीला धडकलो! काठावरचा मित्र म्हणाला, उजवीकडे श्वास घेतोस तेव्हा डावा हात नाकासमोर येतो. आता तोच सुधारतोय. प्रवाहाचं समजावून सांगाल का? बोया समोर दिसत असेल तर त्याच्याकडे तोंड करून पोहत राहायचं, एवढंच ना?

खारं_पाणी

तसं केलंत तर पोहोचाल, पण वाकडे जाऊन. तुमचाच हिशोब करू. दीड किमीला ४५ मिनिटं, म्हणजे ताशी २ किमी. समजा पहिला बोया किनाऱ्यापासून सरळ ३०० मीटर आत आहे आणि प्रवाह उजवीकडून डावीकडे ताशी अर्धा किमी. तुम्हाला आत जायला ९ मिनिटं लागणार, तेवढ्यात पाणी तुम्हाला ७५ मीटर डावीकडे नेईल. तोंड सतत बोयाकडे ठेवलंत तर रस्ता कमानीसारखा होतो आणि शेवटचा तुकडा प्रवाहाच्या अंगावर पोहावा लागतो, तोही दमल्यावर. त्यापेक्षा सुरुवातीपासूनच बोयाच्या ७५-८० मीटर उजवीकडची जागा धरा.

उतरण्याआधी प्रवाह बघायचा तर बोयाची दोरी कुठे झुकली आहे ते बघा. नांगरलेल्या होडीचं तोंडही प्रवाहाकडे असतं, पण वारा जोरात असेल तर ती वाऱ्याकडे वळते, म्हणून फक्त तिच्यावर जाऊ नका.

पाण्यात असताना परतीला किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरा, एक जवळची, एक लांबची. समजा पुढे माड आणि त्यामागे टेकडीवरचा मोबाइल टॉवर. दोन्ही एका रेषेत असतील तर तुम्ही रस्त्यावर आहात. माड टॉवरच्या उजवीकडे सरकला तर तुम्ही डावीकडे वाहताय. छोटा बोया लाटेत दडतो, टॉवर दडत नाही.

माडाखाली (मालवण)

आमचे रापणवाले मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हा हिशोब मुंबईला बराच जुळतो, मालवणात भरती थोडी आधी येते, त्यामुळे आदल्या दिवशी मच्छीमारांना विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं-उतरतं, ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. पहिल्यांदा उतरायचं तर भांगाला या. आणि किनाऱ्याकडे येताना पाणी आत ओढायला लागलं तर त्याच्या अंगावर झुंजू नका. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, मग या.

नांदेडी_भाऊ

बरं, व्हॅसलीनचं मान्य. पण थंडी वाजणारच की, डिसेंबर हाय.

खारं_पाणी

मालवणचा समुद्र डिसेंबरातही २७ अंशांच्या आसपास असतो. परभणीचा उघडा तलाव त्या महिन्यात सकाळी याहून बराच गार असेल. म्हणून थंडीची काळजी स्पर्धेत नाही, सरावात घ्या. पोहताना बोटं एकत्र ठेवता येईनाशी झाली, बोलताना जीभ अडखळली, किंवा कुडकुडणं थांबलं पण डोकं सुस्त झालं, की बाहेर. बाहेर आल्यावर आधी कोरडे कपडे, टोपी, मग चहा. कढत पाण्याची अंघोळ लगेच नको, चक्कर येते.

होड्यांचं जास्त गंभीर आहे. पाण्यातलं डोकं नारळाएवढं, सकाळच्या चकाकीत खलाशाला दिसतच नाही. काळी-निळी टोपी घरी ठेवा, भडक नारिंगी किंवा गुलाबी घाला, आणि कमरेला दोरीने फुगवलेला नारिंगी टो फ्लोट बांधा, तो मागे तरंगत येतो. पाण्यात इंजिनाचा आवाज कुठून येतोय ते कानाला कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने जातो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोहोचतो. म्हणून घरघर ऐकू आली की थांबा, उभे राहा, चहूकडे बघा, फ्लोट डोक्यावर धरून हलवा. मच्छीमारांच्या जाळ्यांपासूनही लांब.

माडाखाली (मालवण)

फ्लोटचं पटत नाही. गर्दीच्या सुरुवातीला दोरी दुसऱ्याच्या पायात अडकते. आयोजकांच्या होड्या असतात की.

खारं_पाणी

स्पर्धेत आयोजक सांगतील तसं. एकट्या सरावाला मात्र फ्लोट हवाच. खरं तर एकट्याने उतरूच नये.

विहिरीतला_बेडूक

स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोहोचतोय, पंचांग बघून तारीख जुळवतो. माडाखाली, तिथे सरावाला सोबत वल्ह्याची होडी देणारं कोणी मिळेल का? भाडं देईन.

माडाखाली (मालवण)

मिळेल, पण सकाळी सातच्या आत ये. नंतर सगळे मासळीच्या मागे.