मोर्टिस लॉकची पट्टी २ मिमी वर बसली, आता कानस की पटाशी? (मदत हवी आहे)

कोल्हापुरात जुन्या घराच्या सागवानी दाराला मी स्वतः मोर्टिस लॉक बसवलंय. दाराची जाडी ३५ मिमी. खाच पटाशीने नीट झाली आहे, दार उघडं असताना किल्ली लोण्यासारखी फिरते. म्हणजे कुलूप आत आवळलेलं नाही.

अडचण दार लावल्यावर येते. लॅच कसाबसा बसतो, पण किल्लीचा बोल्ट चौकटीच्या पट्टीवर अडतो. बोल्टच्या टोकाला बायकोची लिपस्टिक लावून पाहिलं (ओरडा खाल्ला), तर डाग भोकाच्या खालच्या काठावर, सुमारे २ मिमी उमटला. बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट आहेत, वरची फटही सारखी आहे. म्हणजे खूण करतानाच माझी चूक झाली.

पट्टी २ मिमी खाली घ्यायची तर नवा स्क्रू जुन्याच भोकात घसरतो. तिथे सागाची खुंटी फेविकॉलने ठोकली तर स्क्रू टिकेल का? की पट्टीचं भोकच खालून घासू? खालच्या स्क्रूपर्यंत ६ मिमी पत्रा आहे. शिवाय सध्या पावसाने दार फुगलंय, मग आत्ताच हात घालू की दिवाळीपर्यंत थांबू?